नाण्यास स्मरण नसते

गेल्या आषाढात एका सायंकाळी पावसाने घरातील सर्व मंडळींस अडकवून ठेवले होते. ओटीवर मुलांचा कॅरम चालला होता, आणि पहिला डाव कोणी खेळावयाचा हे ठरविण्याकरिता दर खेपेस रुपया उडविला जाई. योगायोग असा, की लागोपाठ चार वेळा छापाच पडला. पाचव्या खेपेस नाणे वर जाणार तोच आमचे वडीलबंधू झोपाळ्यावरून म्हणाले, "अरे, काटा सांगा, काटा! चारदा छापा झाला, आता काट्याचीच वेळ आहे."

आमचा पुतण्या यंदा महाविद्यालयात संख्याशास्त्राच्या पहिल्याच पायरीवर आहे. तो हसून म्हणाला, "नाना, वेळ झाली हे नाण्याला कसं कळणार?"

"नाण्याला नको कळायला. तुझ्या पुस्तकाला कळतं ना?" नाना म्हणाले. "पुष्कळ वेळा उडवलं म्हणजे छापा आणि काटा निम्मेनिम्मे होतात, असं तूच परवा वाचून दाखवलंस. मग छाप्याची ही उधारी काट्यानं फेडायला नको?"

पुतण्या घोटाळ्यात पडला व आमच्याकडे पाहू लागला. तेवढ्यात माजघरातील एक वाक्य आमच्या कानी आले. नात्यातील एका सुनेविषयी बोलणे चालले होते. "तीन मुली झाल्या बिचारीला, आता चौथा मुलगाच व्हायचा. देव इतका का अन्यायी आहे?" ओटीवरचा युक्तिवाद आणि माजघरातील युक्तिवाद हे दोन्ही एकच आहेत, हे त्या क्षणी आमच्या ध्यानी आले. ओटीवर चुकल्यास फार तर कॅरमचा डाव जातो. माजघरात चुकल्यास एका बाईच्या जिवाला त्याचा जाच होतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करावा असे आम्हांस वाटले.

नानांच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत, आणि त्यांतील पहिली अगदी खरी आहे. सचोटीचे नाणे जितके अधिक वेळा उडवावे तितके छाप्यांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ येत जाते, यास बृहत्संख्यांचा नियम म्हणतात. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील गणिती याकोब बर्नुली याने त्याची पहिली सिद्धता दिली. या विचारात आपली वीस वर्षे गेली असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, व त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली, छापून निघाला. दुसरी गोष्ट मात्र नानांनी आपल्या पदरची घातली आहे. ती ही, की प्रमाण निम्म्याजवळ यावयाचे तर मागची कसर पुढे भरून निघालीच पाहिजे. यास जुगाऱ्याचा हेत्वाभास म्हणतात. हेत्वाभास म्हणजे दिसावयास हेतू, पण आतून पोकळ. पहिल्या गोष्टीवरून दुसरी निघते असे वाटते खरे. पण ती निघत नाही, आणि का निघत नाही हेच समजून घ्यावयाचे आहे.

याकरिता आम्ही वाचकांस एका बंदिवानाची हकीकत सांगतो. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड विद्यापीठात जॉन केरिच नावाचे गणिताचे अध्यापक होते. १९४० च्या एप्रिल महिन्यात ते डेन्मार्क देशी गेले असता जर्मन सैन्याने त्या देशावर स्वारी केली, आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून केरिच यांस जटलंड प्रांतातील एका छावणीत अडकून पडावे लागले. वेळ जाता जात नव्हता. तेव्हा त्यांनी एका सोबत्याच्या साहाय्याने एक नाणे दहा हजार वेळा उडविले व प्रत्येक वेळी काय पडले याची नोंद ठेविली. महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, ही नोंद त्यांनी एका छोट्या पुस्तकातून प्रसिद्ध केली. तिच्यातील काही टप्पे आम्ही खाली देतो. तिसऱ्या रकान्यात छापे निम्म्यापेक्षा किती अधिक वा उणे होते ते दाखविले आहे, आणि चौथ्यात छाप्यांचे शेकडा प्रमाण आहे.

| एकूण खेपा | छापे | निम्म्याहून अधिक-उणे | शेकडा प्रमाण |
|---|---|---|---|
| १०० | ४४ | उणे ६ | ४४.०० |
| ५०० | २५५ | अधिक ५ | ५१.०० |
| ७०० | ३६८ | अधिक १८ | ५२.५७ |
| १,००० | ५०२ | अधिक २ | ५०.२० |
| २,००० | १,०१३ | अधिक १३ | ५०.६५ |
| ६,००० | ३,००९ | अधिक ९ | ५०.१५ |
| १०,००० | ५,०६७ | अधिक ६७ | ५०.६७ |

वाचकांनी शेवटच्या दोन रकान्यांकडे क्षणभर एकत्र पाहावे. शंभर खेपांनंतर छापे निम्म्याहून अवघे सहा कमी होते; दहा हजार खेपांनंतर ते निम्म्याहून सदुसष्ट अधिक झाले. म्हणजे निम्म्यापासूनचे अंतर घटले तर नाहीच, उलट अकरा पटींनी वाढले. आणि तरीही प्रमाण शेकडा ४४ वरून ५०.६७ वर, म्हणजे निम्म्याच्या अगदी शेजारी, येऊन बसले. अंतर वाढते व प्रमाण सुधारते, हे दोन्ही एकाच वेळी घडले आहे. बृहत्संख्यांचा नियम केवळ प्रमाणाविषयी बोलतो. अंतराविषयी त्याने कोणतेही वचन दिलेले नाही. नानांनी प्रमाणाचे वचन ऐकले आणि ते अंतराचे समजले. सगळा घोटाळा या एका ठिकाणी आहे.

मग प्रमाण सुधारते ते कसे? समजा, आरंभीच्या दहाही खेपांस छापा पडला. निम्म्याने पाच पडावयाचे, पडले दहा. म्हणजे पाच छापे अधिक. यापुढे नाणे काहीही फेडीत नाही, ते आपले नेहमीसारखेच निम्मेनिम्मे पडत जाते, असे धरू. पुढील ९९० खेपांत अपेक्षेप्रमाणे ४९५ छापे येतील. एकूण १,००० खेपांत ५०५ छापे झाले, म्हणजे शेकडा ५०.५. आणखी पुढे जाऊन १०,००० खेपा केल्या तर अपेक्षेने ५,००५ छापे, म्हणजे शेकडा ५०.०५. ते पाच अधिक छापे जसेच्या तसे आहेत. त्यांतील एकही कोणी परत नेलेला नाही. केवळ भोवतालची संख्या एवढी वाढली की त्यांचे वजन उरले नाही. मिठाची मूठ तांब्यात टाकली तर पाणी तोंडी धरवत नाही; तीच विहिरीत टाकली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. विहिरीने मीठ परत केले असे मात्र कोणी म्हणत नाही. पूर्वीची कसर फिटत नसते, ती बुडून जाते.

येथे कोणी विचारील, की सगळे छापे-काटे असे उदासीन असतील तर दहा हजार खेपांनंतर सदुसष्टाचे अंतर पडले ते कोठून? त्याचेही गणित आहे. सचोटीच्या नाण्याच्या छाप्यांचे निम्म्यापासूनचे अंतर साधारणतः खेपांच्या वर्गमूळाच्या निम्म्याइतके असते. शंभराचे वर्गमूळ दहा, त्याचे निम्मे पाच. दहा हजारांचे वर्गमूळ शंभर, त्याचे निम्मे पन्नास. केरिच यांस सहा व सदुसष्ट मिळाले, हे या मापाशी चांगले जुळते. खेपा शंभर पट झाल्या तेव्हा अपेक्षित अंतर दहा पट झाले. पण ते अंतर शंभरांत पाच असते तर दहा हजारांत पन्नास, म्हणजे शेकडा पाचावरून शेकडा अर्ध्यावर येते. वर्गमूळ वाढते खरे, पण मूळ संख्येच्या मागे फार हळू चालते. बर्नुलीच्या नियमाचे सारे रहस्य या मंद चालीत आहे.

आता नानांच्या मताचा एक मनुष्य केरिच यांच्या शेजारी बसला आहे व दर खेपेस एक रुपया लावीत आहे, अशी कल्पना करू. पाचशे खेपा झाल्या. छापे पाच अधिक आहेत. तो म्हणतो, आता काट्याने भरपाई केली पाहिजे, आणि काट्यावर पैसे लावतो. पुढील शंभर खेपांत ५७ छापे व ४३ काटे पडले. गृहस्थाचे १४ रुपये गेले. त्याचा विश्वास ढळला नाही, उलट दृढ झाला, कारण आता छापे बारा अधिक झाले होते. पुढील शंभरात ५६ छापे, ४४ काटे. आणखी १२ रुपये गेले. यानंतरच्या तीन शतकांत मात्र छापे अनुक्रमे ४५, ४५ व ४४ पडले आणि त्याचे ३२ रुपये परत आले. हजाराव्या खेपेस त्याच्या हाती ६ रुपये नफा होता, आणि आपले शास्त्र खरे ठरले म्हणून तो समाधानाने मिशांवरून हात फिरवीत होता.

हा नफा आम्ही मुद्दाम लपविला नाही. नोंदीचा सोयीचा तुकडा उचलून दाखविला असता तर आम्हीही नानांच्याच मार्गाने गेलो असतो. हा हेत्वाभास इतका चिवट आहे याचे कारणच हे, की तो कधीकधी फळतो. निम्म्या वेळा बरोबर येणाऱ्या भाकितास पुरावा हवा तेवढा सापडतो, आणि फसलेल्या खेपा मनुष्य विसरतो. पण या गृहस्थाने नफा झाला म्हणून काट्याची बाजू शेवटपर्यंत धरून ठेविली असती तर काय झाले असते तेही पाहा. उरलेल्या नऊ हजार खेपांत ४,५६५ छापे व ४,४३५ काटे पडले. म्हणजे त्याचे १३० रुपये गेले असते. छाप्याची बाजू धरणारा तेवढेच जिंकला असता. परंतु त्यातही त्याची हुशारी काही नाही.

खरी परीक्षा अशा दूरच्या बेरजांनी होत नाही. ती सलग पडलेल्या छाप्यांच्या ठिकाणी करावयास हवी. नानांचा दावा असा, की चार छाप्यांनंतर काटा अधिक संभवनीय. केरिच यांच्या पहिल्या दोन हजार खेपांत लागोपाठ चार छापे पडण्याचा प्रसंग १३० वेळा आला. त्यानंतरच्या, म्हणजे पाचव्या, खेपेस काय पडले? ६९ वेळा छापा आणि ६१ वेळा काटा. फेडीचा मागमूसही नाही. छापा थोडा अधिक दिसतो, पण १३० प्रसंगांत एवढा फरक कोणत्याही सचोटीच्या नाण्यास सहज शोभतो.

हे आकडे वाचून दाखविले तेव्हा नानांनी एक शेवटचा मुद्दा काढला, आणि तो विचार करण्याजोगा होता. ते म्हणाले, "पण लागोपाठ पाच छापे पडणं दुर्मिळ आहे, हे तर खरं? बत्तिसांत एकदा म्हणतोस ना तू? मग चार पडल्यावर पाचवा पडण्याची शक्यता कमीच असणार."

पाच खेपांचे बत्तीस वेगवेगळे क्रम होतात व प्रत्येकाची संभाव्यता सारखीच, बत्तिसांत एक. पाच छाप्यांचा क्रम त्यांतला एक. पण चार छापे आणि शेवटी काटा हाही त्यांतला एकच, आणि तोही तितकाच दुर्मिळ. आरंभ करण्यापूर्वी बत्तीसही वाटा मोकळ्या होत्या. चार छापे पडून गेले तेव्हा त्यांतील तीस बंद झाल्या. दोनच उरल्या, एक छाप्याची व एक काट्याची, आणि दोन्ही सारख्या रुंदीच्या. जे दुर्मिळ होते ते पहिले चार छापे होते, आणि ते घडून गेले आहेत. घडून गेलेल्या गोष्टीची दुर्मिळता पुढच्या खेपेच्या माथी मारता येत नाही.

येथवर आलेल्या वाचकाने उलट टोकास जाऊ नये म्हणून दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी, की काही ठिकाणी मागची कसर खरोखरच पुढे भरून निघते. एका पिशवीत दहा पांढऱ्या व दहा काळ्या सोंगट्या आहेत आणि काढलेली सोंगटी आपण परत टाकीत नाही, असे समजा. पहिल्या चारही पांढऱ्या निघाल्या तर आत सहा पांढऱ्या व दहा काळ्या उरल्या, आणि पुढची काळी निघण्याची शक्यता सोळांत दहा झाली. येथे नानांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, कारण पिशवीस स्मरण आहे. जे गेले ते तिच्यातून गेले आहे. पत्त्यांच्या जोडाचेही तसेच. नाण्यातून मात्र छापा खर्ची पडत नाही. म्हणून कोणत्याही प्रसंगी प्रथम हे विचारावे, की मागच्या खेपेने पुढच्या खेपेच्या सामग्रीत काही बदल केला आहे काय? केला नसेल तर भरपाईची भाषा व्यर्थ आहे.

दुसरी मर्यादा नाण्याच्या सचोटीची. आम्ही सर्वत्र नाणे सचोटीचे धरून चाललो आहोत. परक्या माणसाने खिशातून काढलेल्या नाण्याने लागोपाठ वीस छापे दाखविले तर शहाण्याने काट्यावर पैसे लावू नयेत. नाण्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. अशा वेळी संशय घ्यावयाचाच असेल तर तो छाप्याच्या बाजूने घ्यावा लागतो, म्हणजे जुगाऱ्याच्या समजुतीच्या अगदी उलट. पारख करण्यासही तेच वर्गमूळ उपयोगी पडते. शंभर खेपांत छापे चाळीस ते साठ यांच्या दरम्यान असल्यास नाण्यावर आळ घेण्याचे कारण नाही. खरे नाणे या मर्यादेबाहेर वीस प्रयोगांत सुमारे एकदाच जाते. दहा हजार खेपांत हीच मर्यादा ४,९०० ते ५,१०० होते. केरिच यांचे ५,०६७ त्या आत सुखाने बसतात.

आता माजघराकडे वळू. मुलगा की मुलगी हे नाण्याच्या खेपेसारखेच फार अंशी स्वतंत्र असते. फरक इतकाच, की निसर्गतः शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे मुलगा होण्याची संभाव्यता शंभरांत एक्कावन्नाच्या आसपास. तीन मुलींनंतर चौथ्या खेपेसही ती जवळजवळ तेवढीच राहते. मागील तीन मुलींनी ती वाढविलेली नाही व कमीही केलेली नाही. ही चूक आपल्याच घरी होते असे नाही. फ्रान्समधील थोर गणिती लाप्लास याने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या संभाव्यतेवरील निबंधात अशा पित्यांचा उल्लेख केला आहे, की ज्यांस मुलगा हवा असे व म्हणून त्या महिन्यात गावात इतरांस मुलगे झाल्याचे ऐकून ते कष्टी होत. मुलग्यांचा वाटा संपत चालला, आता आपल्या वाट्यास मुलगी येणार, असे त्यांस वाटे. गावातील पाळणे म्हणजे सोंगट्यांची पिशवी अशी त्यांची समजूत होती.

या समजुतीची दोन तोंडे आहेत आणि दोन्ही घातक आहेत. "आता मुलगाच होणार" असे म्हणून त्या सुनेस आणखी एका बाळंतपणास उभे करावयाचे, हे एक. आणि चौथीही मुलगी झाली म्हणजे "हिच्या कुशीत मुलगाच नाही" असे म्हणून तिला बोल लावावयाचा, हे दुसरे. पहिले म्हणताना आपण नाण्यावर उधारी लादतो. दुसरे म्हणताना चार खेपांवरून नाणे खोटे ठरवितो. सोळा घरांत चार-चार अपत्ये असतील तर सुमारे एका घरात चारही मुलीच असणार, यात आईचा दोष शोधण्याजोगे काही नाही. शिवाय मूल मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या बीजावर ठरते, हे आता शाळेतील मुलेही शिकतात.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही हे सर्व पाटावर बसल्या-बसल्याच सांगितले. नाना बराच वेळ सुपारी कातरीत होते. मग ते आतल्या दाराकडे वळून वहिनींस म्हणाले, "त्या मुलीला पत्र लिहाल तेव्हा मुलगाच होईल असं लिहू नका. तब्येत जप, एवढंच लिहा."

दुसऱ्या दिवशी कॅरमच्या वेळी रुपया पुन्हा उडाला. नानांनी सवयीने तोंड उघडले, मग आमच्या पुतण्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सांगा बाबा, जे सांगायचं ते सांगा. त्याला कालचं काही आठवत नाही."